अर्धं संत्रं पुरे झालं

स्पॅनिशमध्ये जोडीदाराला ‘मेदिआ नारांखा’, म्हणजे अर्धं संत्रं म्हणतात. लग्नाच्या पन्नाशीला, ‘बोदास दे ओरो’ला, ही उपमा शुभेच्छापत्रांवर हमखास येते आणि वाचणाऱ्याच्या मनात काहीच उमटत नाही.

त्यापेक्षा घरातली एखादी सवय उचलावी. आजोबा रोज जेवणानंतर आजीला संत्रं सोलून देत असतील, तर नातवाने लिहावं: ‘सिंकुएन्ता आन्योस, आबुएला, ई एल आबुएलो तोदाविआ ते पेला ला नारांखा. फेलिसेस बोदास दे ओरो आ लोस दोस.’ पन्नास वर्षं झाली आजी, आजोबा अजून तुला संत्रं सोलून देतात; दोघांना सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा. जुनी उपमा इथे गुपचूप हसतेच.

‘तुम्हा दोघांना’साठी घरच्या माणसांत स्पेनमध्ये ‘वोसोत्रोस’, लॅटिन अमेरिकेत ‘उस्तेदेस’. मेक्सिकोच्या आजीला ‘वोसोत्रोस’ लिहिलं तर ते परकं वाटेल. ‘आ लोस दोस’ मात्र दोन्हीकडे चालतं.