फळ्यावरचे पुसट टिंब

समजा, तापामुळे एक दिवस तुमची शाळा बुडाली. त्या दिवशी गणिताच्या तासाला फळ्यावर सोडवलेल्या उदाहरणाचे छायाचित्र तुमच्या मित्राने मोबाईलवर पाठवले. छायाचित्रात वरच्या बाजूला ही असमानता दिसते :

(२x + १)/(x − ३) ≥ १

तिच्याखाली संख्यारेषा आहे. रेषेवर −४ आणि ३ या खुणा आहेत आणि तीन भागांवर +, −, + अशी चिन्हे आहेत. −४ वरचे टिंब भरीव आहे, हे स्पष्ट दिसते. पण ३ वरच्या टिंबावर नेमका खिडकीतला उजेड चकाकला आहे. ते भरीव आहे की पोकळ, हे कळत नाही, आणि उत्तराची ओळ तर चित्राबाहेरच राहिली आहे. आता उत्तर कसे लिहाल?

पुष्कळ जण म्हणतील, "चित्र कशाला हवे? दोन्ही बाजूंना x − ३ ने गुणू." तसे केले तर २x + १ ≥ x − ३, म्हणजेच x ≥ −४ असे उत्तर येते. ते पडताळून पाहू. x = ० घेतल्यास डावी बाजू −१/३ येते, आणि ती १ पेक्षा लहान आहे! उलट x = −१० घेतल्यास −१९/−१३, म्हणजे सुमारे १.४६ येते. ही किंमत चालते, पण आपल्या उत्तरात ती नाही. चूक कोठे झाली? x जर ३ पेक्षा लहान असेल, तर x − ३ ही संख्या ऋण असते, आणि ऋण संख्येने गुणले की असमानतेचे चिन्ह उलटते. x माहीत नसताना चिन्ह उलटायचे की नाही, हे ठरवणार कसे?

म्हणून गुणायचे नाही. १ डाव्या बाजूला आणायचा आणि छेद समान करायचा :

(२x + १)/(x − ३) − १ = (x + ४)/(x − ३) ≥ ०

आता उजवीकडे शून्य आहे, तेव्हा फक्त चिन्ह पाहणे पुरे. अंश −४ ला शून्य होतो आणि छेद ३ ला. या दोन ठिकाणांखेरीज राशीचे चिन्ह कोठेही बदलू शकत नाही. म्हणून प्रत्येक भागातली एकच सोयीची संख्या तपासायची :

x = −५ : (−)/(−), म्हणजे +
x = ० : (+)/(−), म्हणजे −
x = ४ : (+)/(+), म्हणजे +

छायाचित्रातली चिन्हे बरोबर आहेत. राहिले ते टिंब. त्यासाठी चित्र मोठे करून डोळे ताणण्याची गरज नाही. वरची असमानता वाचा. x = −४ असताना राशीची किंमत ० येते, आणि '≥' मध्ये ० चालतो, म्हणून तेथे टिंब भरीव. x = ३ असताना छेद शून्य होतो. शून्याने भागता येत नाही, म्हणून तेथे राशीला किंमतच नाही. जिला किंमतच नाही, ती शून्यापेक्षा मोठी किंवा शून्याएवढी कशी असेल? तेव्हा ३ वरचे टिंब पोकळच असले पाहिजे. उत्तर : x ≤ −४ किंवा x > ३.

याचा अर्थ असा, की '≥' हे चिन्ह फक्त अंशाच्या शून्यांना आत घेते. छेदाचे शून्य कोणत्याही चिन्हात बाहेरच राहते.

आता त्याच फळ्यावरचे दुसरे उदाहरण पाहा :

(x² − ९)/(x − ३) ≥ ०

येथे −३ आणि ३ या खुणांभोवती −, +, + अशी चिन्हे आहेत. "चिन्हे एकाआड एक यायला हवीत, मित्राच्या छायाचित्रात काहीतरी घोटाळा आहे," असे वाटेल. पण चिन्हे बरोबरच आहेत. अंशाचे अवयव (x + ३)(x − ३). x − ३ हा अवयव वरही आहे आणि खालीही, म्हणून ३ ओलांडताना दोघांचीही चिन्हे एकदमच बदलतात आणि भागाकाराचे चिन्ह तसेच राहते. x = ० ला किंमत ३ येते, x = ४ ला ७ येते; दोन्ही धनच.

अवयव काटला की x + ३ ≥ ० उरते, आणि तेथेच फसगत होते. काटछाट केल्यावर छेद कागदावरून जातो, पण मूळ राशीला ३ पाशी किंमत नाही, हे सत्य जात नाही. म्हणून उत्तर : x ≥ −३, परंतु x ≠ ३. यासाठी छेदाची शून्ये काटछाटीपूर्वीच संख्यारेषेवर पोकळ टिंबांनी मांडून ठेवावीत.

आता स्वतः करून पाहा : (x − ५)/(x + १) ≤ २. तुमच्या तक्त्यात −७ वर भरीव आणि −१ वर पोकळ टिंब आले, आणि उत्तर x ≤ −७ किंवा x > −१ असे निघाले, तर पुढच्या वेळी छायाचित्रातले टिंब पुसट असले तरी तुमचे अडणार नाही.