तेच पैसे, पण निवड उलटी!

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेले हे दोन प्रश्न मला फार आवडतात. आधी स्वतः उत्तर ठरवा.

पहिला प्रश्न: तुम्हाला 1000 मिळाले आहेत. आता एक निवडा: आणखी 500 नक्की, की नाणेफेक, म्हणजे जिंकलात तर आणखी 1000, हरलात तर काहीच नाही?

दुसरा प्रश्न: तुम्हाला 2000 मिळाले आहेत. आता 500 नक्की गमवायचे, की नाणेफेक, म्हणजे हरलात तर 1000 जाणार, जिंकलात तर काहीच जाणार नाही?

त्यांच्या अभ्यासात पहिल्या प्रश्नात 84 टक्के लोकांनी नक्कीचे 500 घेतले. दुसऱ्यात 69 टक्क्यांनी नाणेफेक पत्करली.

आता हिशोब करा. दोन्हीकडे ‘नक्की’ म्हणजे शेवटी हातात 1500. दोन्हीकडे नाणेफेक म्हणजे 1000 किंवा 2000. फरक फक्त मांडणीचा!

आपण शेवटची रक्कम पाहत नाही. सुरुवातीच्या आकड्यापासून नफा झाला की तोटा, ते पाहतो. नफा दिसला की तो पदरात पाडून घेतो, तोटा दिसला की तो टाळायला धोका पत्करतो. शिवाय तेवढ्याच रकमेच्या आनंदापेक्षा ती गमावल्याचं दुःख जास्त बोचतं.

म्हणून निर्णयाआधी दोन्ही पर्यायांची शेवटची रक्कम कागदावर लिहा.