सूत्रं पाठ आहेत, मग मार्क जातात कुठे?

दहावीला बोर्डाचे गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी 40 गुणांचे. वर्गसमीकरणे पहिल्यात, म्हणजे बीजगणितात. महत्त्वमापन दुसऱ्यात, भूमितीच्या अगदी शेवटी. त्यामुळे शाळेत ते बऱ्याचदा घाईत उरकलं जातं. या दोन्हींत कच्चा असलेला मुलगा दोन्ही पेपरांत मार खातो. घरचे म्हणतात, "सूत्रं पाठ कर." तो करतोही, आणि पुढच्या चाचणीत तेच रडगाणं. कारण चूक बहुतेक वेळा सूत्रात नसतेच. वर्गसमीकरणात उणे चिन्ह घात करतं आणि महत्त्वमापनात नेमकं कुठलं पृष्ठ मोजायचं तेच ठरत नाही. रोगच वेगवेगळे असल्यामुळे दोन्हींना एकच औषध चालत नाही.

हाताशी दोन आठवडे आणि रोज दीड तास आहे असं धरू. पहिला दिवस पुस्तक मिटून. दोन्ही प्रकरणांतली चार-चार उदाहरणं वहीत सोडवायची, उत्तरं नंतर ताडून पाहायची, आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे लिहायचं: सूत्र आठवलं नाही, सूत्र आलं पण आकडेमोड चुकली, की सुरुवातच सुचली नाही? तिसरा शेरा सगळ्यात महाग, कारण तिथे एकही गुण हाती लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाचव्यापर्यंत वर्गसमीकरणे. अवयव पटकन पडले तर उत्तमच, पण कच्च्या विद्यार्थ्याने आधी सूत्राची पद्धत पक्की करावी, कारण ती कुठेच अडत नाही. समीकरण 2x² − 3x − 5 = 0 घेऊ. पहिल्या ओळीत a = 2, b = −3, c = −5 असं चिन्हासकट लिहायचं. ही ओळ वाचवायला जाणारेच फसतात. दुसऱ्या ओळीत किमती कंसात घालायच्या:

b² − 4ac = (−3)² − 4(2)(−5) = 9 + 40 = 49

कंस न घालणारा −3² लिहितो, त्याचे −9 करतो, आणि 40 मिळवून 31 वर येतो. 31 चं वर्गमूळ पूर्ण येत नाही, मग उत्तर करणीत लटकतं. करणीतलं उत्तर चूकच असतं असं नाही, पण ते आलं की या ओळीकडे परत जाऊन पाहावं. इथे 49 चं मूळ 7, आणि −b म्हणजे 3, म्हणून x = (3 ± 7)/4. मुळे 5/2 आणि −1.

आता पडताळा. मुळांची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a असतो. आपली बेरीज 5/2 − 1 = 3/2, गुणाकार −5/2. दोन्ही जुळतात. याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही, तरी मुलं हे सूत्र फक्त 'मुळांची बेरीज काढा' असा प्रश्न आला तरच बाहेर काढतात. या चार दिवसांत प्रत्येक उदाहरणाखाली हा पडताळा लिहायचाच. पाचव्या दिवशी पूर्ण वर्ग पद्धत. प्रश्नात 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' असं लिहिलेलं असेल तर सूत्राने काढलेल्या उत्तरावर भिस्त ठेवता येत नाही, एवढ्यासाठीच ती करायची. एक संध्याकाळ पुरे.

सहाव्या दिवशी महत्त्वमापन सुरू होतं, पण वर्गसमीकरण सुटत नाही: रोज बसताना आधी एक समीकरण सोडवायचं, नाहीतर आठवडाभरात हात विसरतो.

इथली खरी अडचण जोड आकारांची. एक लाकडी खेळणं घ्या: खाली अर्धगोल, त्यावर शंकू. दोघांची त्रिज्या 3 सेमी, शंकूची उंची 4 सेमी. पृष्ठफळ काढा. सूत्रं पाठ असलेला मुलगा शंकूचं एकूण पृष्ठफळ 24π काढतो, अर्धगोलाचं 27π, आणि बेरीज 51π लिहून मोकळा होतो. दोन्ही सूत्रं बरोबर, उत्तर चूक. खेळण्यावरून हात फिरवला तर हाताला काय लागतं? शंकूची वक्र बाजू आणि अर्धगोलाची वक्र बाजू. दोन्हींच्या सपाट चकत्या एकमेकींना चिकटून आत गेल्या. प्रत्येकीचं क्षेत्रफळ 9π, म्हणजे 18π उगाच धरलं गेलं. बरोबर उत्तर 33π. त्यासाठी शंकूची तिरकस उंची लागते, ती 3 आणि 4 वरून पायथागोरसने 5; मग πrl = 15π आणि 2πr² = 18π. घनफळात मात्र काहीच लपत नाही, म्हणून तिथे सरळ बेरीज: 12π आणि 18π, एकूण 30π.

म्हणून सहावा, सातवा आणि आठवा दिवस आकडेमोड जवळजवळ नाहीच. दहा-बारा उदाहरणांच्या फक्त आकृत्या काढायच्या, जे पृष्ठ मोजायचं त्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या आणि शेजारी सूत्र लिहायचं. पालकांना हा टाइमपास वाटतो, पण सुरुवात न सुचणाऱ्याला याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

नववा-दहावा दिवस शंकूछेदाला. बादलीची उंची 30 सेमी, तोंडाची त्रिज्या 21, तळाची 14. पाणी किती मावेल?

(1/3)πh(r₁² + r₂² + r₁r₂) = (1/3)(22/7)(30)(441 + 196 + 294) = 29260

घनसेमीला 1000 ने भागले की 29.26 लीटर. इथे r₁r₂ हे पद हमखास गळतं आणि 20.02 लीटर येतात. ओळखायचं कसं? मधली त्रिज्या 17.5 धरून त्याच उंचीच्या वृत्तचितीचं घनफळ काढा: 28.875 लीटर. खरं उत्तर याच्या जवळ आणि किंचित जास्त असतं. वीस आणि एकोणतीस यांतली तफावत डोळ्यांत भरते.

अकराव्या दिवशी वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड. पाकळीतून त्रिकोण वजा केला की लघुवर्तुळखंड उरतो, एवढं आकृतीत दिसलं की फार काही राहत नाही.

बाराव्या दिवशी दोन्ही प्रकरणं एका उदाहरणात भेटवायची. 10 सेमी उंचीच्या बंद वृत्तचिती डब्याचं एकूण पृष्ठफळ 748 चौसेमी, तर त्रिज्या किती? 2πr(r + h) = 748 मध्ये π = 22/7 घातलं की r(r + 10) = 119, म्हणजे r² + 10r − 119 = 0. अवयव (r + 17)(r − 7). त्रिज्या ऋण नसते, म्हणून −17 सोडून द्यायचे, आणि सोडले का ते एका वाक्यात लिहायचं. उत्तर 7 सेमी.

तेराव्या दिवशी पहिल्या दिवसाचीच आठ उदाहरणं घड्याळ लावून परत सोडवायची आणि शेरे पुन्हा लिहायचे. 'सुरुवातच सुचली नाही' हा शेरा अजूनही महत्त्वमापनात येत असेल, तर चौदावा दिवस नुसत्या आकृत्यांना द्यावा. 'आकडेमोड चुकली' हाच उरला असेल, तर चौदाव्या दिवशी कंस घालून सहा समीकरणं, पडताळ्यासकट. नवीन उदाहरणसंग्रह त्या दिवशी उघडू नये.