वाचलेली मेल, न दिलेलं उत्तर

समजा, पुण्यातली एक छोटी संस्था १२० शाळांना विज्ञान कार्यशाळेबद्दल मेल पाठवते. तिघं सहकारी एकच जीमेल खातं पाहतात. एका मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर येतं: "जूननंतर बोलू." तिघांपैकी एक जण बसमध्ये ते उघडतो आणि संध्याकाळी बघू म्हणून मोबाइल खिशात टाकतो. सामायिक खात्यात एकानं उघडलेली मेल सगळ्यांनाच 'वाचलेली' दिसते. उरलेल्या दोघांना वाटतं, काम झालं. आठवड्यानं त्याच बाईंना स्मरणपत्र जातं. त्या चिडणार नाहीत तर काय?

त्यामुळे 'वाचलं' ही खूण कामाची नाही. पहिला नियम असा, की जो मेल उघडेल त्यानं तिथल्या तिथे आपल्या नावाचं लेबल लावायचं. वेळ नसेल, तर ती पुन्हा 'न वाचलेली' करून ठेवायची. गूगल ग्रुप्सच्या सामायिक इनबॉक्समध्ये संभाषण एखाद्याच्या नावावर टाकण्याची आणि काम पूर्ण झाल्याची नोंद करण्याची सोयच आहे.

उत्तरं आपोआप वेगळी काढायला फिल्टर लागतो. बरेच जण तो विषयाच्या ओळीवर लावतात आणि इथेच फसतात, कारण समोरच्यानं विषय बदलला की उत्तर फिल्टरमधून निसटतं. जीमेलमध्ये पत्त्यात अधिक चिन्ह घालून वेगळी खूण करता येते. मोहिमेच्या मेलमध्ये उत्तराचा पत्ता तसा द्यावा आणि फिल्टर त्याच पत्त्यावर लावावा:

```
to:(sampark+karyashala@example.org)
```

सुट्टीवर असल्याची आपोआप येणारी मेलही यात सापडू शकते. तिला उत्तर समजू नये.

खरी गुंतागुंत यादीत असते. मेल शाळेच्या पत्त्यावर गेलेली असते, पण बाई उत्तर देतात स्वतःच्या खात्यावरून. यादीत तो पत्ता सापडत नाही आणि शाळा 'उत्तर नाही' अशीच राहते. नावावरून जुळवावं, तर 'न्यू इंग्लिश स्कूल' गावोगावी. म्हणून प्रत्येक शाळेसमोर तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक लिहावा आणि उत्तराची नोंद त्या क्रमांकापुढे करावी. क्रमांक 'अ' स्तंभात, म्हणजे A मध्ये असेल, तर एकच शाळा दोनदा आली आहे का, हे हे सूत्र सांगतं:

```
=COUNTIF(A:A,A2)>1
```

नोंदीचे प्रकार तीनच पुरेत: होकार, अमुक तारखेनंतर, आणि पुन्हा लिहू नये. स्मरणपत्र जाईल ते फक्त नोंदीची जागा रिकामी असलेल्यांना. शुल्क, तारखा, साहित्य यांची उत्तरं साच्यात लिहून ठेवावीत. नाहीतर एक जण कार्यशाळा मोफत आहे म्हणतो, दुसरा शुल्क सांगतो, आणि शाळेत दोन्ही मेल एकाच टेबलावर पोचतात.

फोनवर मिळालेला नकार मात्र कुठल्याच फिल्टरला दिसत नाही. तो ज्यानं ऐकला, त्यानंच फोन ठेवल्याबरोबर यादीत लिहायचा.