कपाट अडतंय, पण नेमकं कुठे?

गावच्या घरातलं सागवानी कपाट यंदा श्रावणात उघडेना. घर रत्नागिरीजवळ, आम्ही पुण्यात, आणि मिस्त्री गावापासून दोन तासांवर. फोनवर विचारलं, "दार आणि खण अडतायत, किती खर्च येईल?" ते म्हणाले, "कुठे अडतंय ते लिहून पाठवा, मग सांगतो." मला ती टाळाटाळ वाटली. गणपतीला गावी गेल्यावर टेप, पेन्सिल आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन कपाटासमोर बसलो, तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं.

पावसात लाकूड फुगतं हे आपण सगळेच म्हणतो. पण ते फुगतं रेषांच्या आडवं. लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणजे फुगलेलं दार रुंदीला वाढतं, उंचीला नाही, आणि घासतं ते उभ्या कडेवर, वरपासून खालपर्यंत सारखं. आमचं उजवं दार मात्र फक्त खालच्या कोपऱ्यात घासत होतं. दोन दारांच्या फटीत पोस्टकार्ड घातलं, तर खाली आरामात सरकलं आणि वर अडकलं. मूठ धरून दार उचललं तर सूतभर वर आलं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्रींना मिलिमीटर सांगण्यात अर्थ नव्हता.) वरच्या बिजागरीचे स्क्रू जागच्या जागी फिरत होते. दार फुगलं नव्हतं, लोंबलं होतं. अशा दाराला खालून रंधा मारला की चार महिन्यांनी ते आणखी लोंबतं आणि पुन्हा घासतं.

खणांची गंमत वेगळी. तिन्ही एकाच मापाचे, म्हणून मी त्यांची अदलाबदल करून पाहिली. दोष खणाबरोबर गेला तर तो खणाचा, जागेवर राहिला तर कपाटाचा. वरचा खण कुठेही घातला तरी अडत होता. त्याच्या बाजूच्या फळ्यांच्या रेषा लांबीच्या दिशेने जातात, म्हणून त्या उंचीला फुगलेल्या. मधल्या जागेत कोणताही खण घाला, अर्ध्यावर डावीकडे कलून अडायचा. आत हात घालून चाचपलं तर डावी सरकपट्टी मध्ये खोलगट लागली. खालचा खण उलटा केला, तर तळाचा प्लाय पोट सुटल्यासारखा खाली आलेला. त्यात आजीची पितळेची भांडी ठेवणारा मीच.

मग पत्र लिहिलं:

"मिस्त्री, स.न.वि.वि.

कपाट सागवानी, उंची ६ फूट, रुंदी साडेतीन फूट, दोन दारं, आत तीन खण. समोरून कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप लावून पाहिला, दोन्ही मापं सारखी आली. सांगाडा वाकडा झालेला दिसत नाही.

१. उजवं दार खालच्या मोकळ्या कोपऱ्यात घासतं, तिथलं पॉलिश गेलंय. वरच्या बिजागरीचे तीनपैकी दोन स्क्रू फिरतात. दाराची चौकट पाऊण इंच जाड आहे. लांब स्क्रू बाहेर येतील असं वाटतं, भोकं बुजवून पुन्हा आवळावे लागतील का ते तुम्ही ठरवा.

२. वरचा खण फक्त पावसाळ्यात अडतो. उन्हाळ्यात नीट सरकतो.

३. मधल्या जागेची डावी सरकपट्टी साधारण सूतभर झिजलीय. पट्टी दीड फूट लांब, एक इंच रुंद.

४. खालच्या खणाचा तळ बदलायचा. माप तीन फूट बाय दीड फूट.

दार आणि खण यांचा खर्च वेगळा लिहावा, मजुरी आणि सामान वेगळं. जाण्यायेण्याचे किती, तेही लिहावं. पॉलिश यात धरू नये. काम किती दिवसांचं, आणि उघडल्यावर आणखी काही निघालं तर आधी विचाराल ना?"

सोबत चार फोटो पाठवले. घासलेल्या जागेवर खडूची खूण करून, शेजारी टेप धरून. नुसत्या कपाटाच्या फोटोत काहीच कळत नाही.

'सामान वेगळं' लिहिण्याचं कारण असं, की एकच गोळा आकडा आला तर त्यातलं काय कमी करता येईल ते आपल्याला समजत नाही. आमच्याकडे सागाचा एक जुना तुकडा माळ्यावर पडला होता. पट्टी त्यातून निघणार असेल, तर सामानाचा तेवढा भाग वजा.

आठवड्यात उत्तर आलं. बिजागरी, पट्टी आणि तळ मिळून दीड दिवस. भोकात सागाच्या खुंट्या बसवून तेच स्क्रू पुन्हा आवळायचे. पट्टीला माळ्यावरचा तुकडा चालेल, पण प्लाय ते स्वतः आणणार. वरच्या खणाचा खर्च त्यांनी लिहिलाच नव्हता. तिथे फक्त एवढंच होतं: "त्याला आता रंधा लावला तर मे महिन्यात खडखडेल. कडांना मेणबत्ती घासा. दिवाळीनंतर मी आलो की बघू."