बडवलेली अक्षरं वाचायची कशी?

लॅपटॉपवरून आलेला हा एक मेसेज पाहा. नोकरीसाठी आपली निवड झाल्याचं एक मुलगी मावशीला कळवते आहे: ‘मावशी, झालं सिलेक्शन asdkjfhaskjdfh’. शेवटची चौदा अक्षरं पाहून घरातली मोठी माणसं बहुधा म्हणतील, हात पडला असेल कीबोर्डवर. तरुण मंडळी मात्र ती अक्षरं पाहताक्षणी ओळखतात. मुलीला इतका आनंद झालाय की पुढचं वाक्य सुचत नाहीये, आणि हे न सुचणंच तिने मावशीला दाखवलंय. दहाही बोटांनी कीबोर्ड बडवण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत कीस्मॅश म्हणतात. हसू अनावर झालं की, चिडचीड झाली की, एखादी बातमी ऐकून उडी मारावीशी वाटली की तो वापरला जातो.

ही चौदा अक्षरं जरा जवळून बघू. त्यात a, s, d, f, h, j, k एवढी सातच निरनिराळी अक्षरं आहेत आणि ती सगळी कीबोर्डच्या मधल्या ओळीतली आहेत. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्यांना पहिल्या दिवशीचा धडा आठवत असेल: डाव्या हाताने asdf, उजव्या हाताने ;lkj. बोटांची विसाव्याची जागा हीच. माणूस भावनेच्या भरात कीबोर्ड बडवतो तेव्हा हात उचलून कुठेतरी आपटत नाही. बोटं असतात तिथेच थरथरतात. शिवाय इथे हात आळीपाळीने चाललेत. asd डाव्याचं, kj उजव्याचं, f पुन्हा डाव्याचं, h उजव्याचं, आणि पुढेही तसंच.

हे निव्वळ योगायोगाने घडलं असतं का? मधल्या ओळीत a ते l अशी नऊ अक्षरं आहेत. सव्वीस अक्षरांतून डोळे मिटून चौदा वेळा एकेक अक्षर उचललं, तर चौदाही याच ओळीतली निघण्याची शक्यता सुमारे २८ लाखांत एक. कीबोर्डवरून मांजर चालत गेलं की वेगळंच काहीतरी उमटतं. पंजा एका जागी दाबून राहतो, त्यामुळे gggggggg अशी एकाच अक्षराची लांब रांग लागते किंवा शेजारशेजारची दोन-तीन अक्षरं एकदम येतात. मांजराचा पाय आणि माणसाचा आनंद यांतला फरक आपण नियम न शिकताही ओळखतो.

कॅनडाच्या भाषाशास्त्रज्ञ ग्रेचेन मॅककलक यांनी ‘बिकॉज इंटरनेट’ या २०१९ सालच्या पुस्तकात या प्रकाराची नीट दखल घेतली. बडवून झाल्यावर उमटलेली अक्षरं मनासारखी दिसली नाहीत तर तुम्ही काय करता, असं त्यांनी ऑनलाइन विचारलं. पाहणी अनौपचारिक होती, पण उत्तर बोलकं होतं. बहुतेकांनी सांगितलं, आम्ही ते खोडून पुन्हा बडवतो. काही जण तर एखाददुसरं अक्षर बदलून घेतात.

मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला बरं-वाईट रूप असतं आणि जे पाठवण्याआधी दुरुस्त करावंसं वाटतं, ते निरर्थक कसं असेल? यावर कुणी म्हणेल, मग ही भावना खोटीच की, मुद्दाम सजवलेली. मला ते पटत नाही. हसू आल्यावर आपण समोरच्यापर्यंत पोचेल इतकं मोठ्याने हसतो, म्हणून ते हसू बनावट ठरत नाही. चेहरा आणि आवाज यांपैकी काहीच नसलेल्या पडद्यावर बोटांनाच ते काम करावं लागतं.

पण मनासारखी दिसणं म्हणजे काय? पहिली अट अशी की शब्द तयार होता कामा नये. नेहमीच्या क्वर्टी कीबोर्डच्या मधल्या ओळीत a हा एकच स्वर आहे, e, i, o, u वरच्या ओळीत आहेत. त्यामुळे मधली ओळ बडवली की उच्चारता न येणारी व्यंजनांची गर्दीच मिळते. ऑगस्ट ड्वोरॅक यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी एक मांडणी आहे. तिच्यात डाव्या हाताखालीच a, o, e, u, i हे पाचही स्वर येतात. तिथे तेवढ्याच भावनेने बडवलं तरी उमटतं ते एखाद्या परभाषेतल्या शब्दासारखं दिसतं आणि वाचणारा गोंधळतो. मॅककलक यांना असे काही ड्वोरॅकवालेही भेटले, ज्यांनी याच कारणाने बडवणं सोडून दिलं होतं.

आपल्या इन्स्क्रिप्ट मांडणीतही अशीच अडचण येते. त्यात डाव्या हाताखाली मात्रा आहेत आणि उजव्या हाताखाली व्यंजनं. asdfghjkl या कळा ओळीने दाबल्या की ओ, ए, हलन्त, ऱ्हस्व इकार आणि उकार यांची नुसती चिन्हं आधाराशिवाय लोंबकळतात आणि पुढे ‘परकत’ उमटतं. ते भावनेपेक्षा फॉन्ट बिघडल्यासारखं दिसतं. रोमन अक्षरांचं मराठी करून देणारा कीबोर्ड असेल तर ‘अस्द्क्ज्फ्ह’ असं जोडाक्षरांचं गाठोडं हाती येतं. म्हणूनच मराठीत मेसेज लिहिणारेही बडवण्यापुरते रोमन अक्षरांकडे वळलेले दिसतात. देवनागरीतच राहायचं असेल तर आपण स्वर ताणतो: ‘नाहीईईईई’, ‘अगंगंगं’, ‘हाहाहाहा’.

फोनवर सगळंच बदलतं. तिथे दहा बोटं नसतात, दोन अंगठे पडद्याच्या मध्यावर घुटमळतात. म्हणून g, h, b, v अशी मधली अक्षरं जास्त येतात. शब्द आपोआप सुधारणारी सोय मध्येच कडमडते ती वेगळीच.

मग राग की हसू, हे कळायचं कसं? नुसत्या अक्षरांवरून ते ठरत नाही, ही या प्रकाराची मर्यादा आहे. तरी काही खुणा आहेत. विनोदाला उत्तर म्हणून, लहान लिपीत, s, k, j पुन्हा पुन्हा आली तर ते बहुधा हसू असतं. तुर्कस्तानात तरुण पोरं हसण्यासाठी सर्रास असंच बडवतात आणि त्याला ‘रँडम आत्माक’ म्हणतात. तीच अक्षरं कॅपिटलमध्ये, एकटीच आणि ‘प्रिंटर पुन्हा अडकला’च्या मागोमाग आली तर ती चिडचीड समजावी. वाक्य अर्ध्यात तुटून अक्षरं सुरू झाली, तर लिहिणाऱ्याला काहीतरी अचानक दिसलेलं असतं. म्हणजे अक्षरं भावनेचा जोर सांगतात. भावना कोणती, ते आधीच्या ओळीतून घ्यायचं.

दोन ठिकाणी मात्र जपून. दृष्टिहीन व्यक्तीचा फोन मेसेज वाचून दाखवतो, तेव्हा ही अक्षरं एकेक करून किंवा विचित्र उच्चारात कानावर पडतात. नजरेला एका झटक्यात कळणारा आकार तिथे हरवतो. अशा मित्राला आनंद शब्दांतच कळवावा. आणि ज्याला ही रीत ठाऊक नाही, त्याच्याशी कामाचं बोलताना ती टाळावी.

तुमच्या मुलाकडून किंवा नातीकडून असा मेसेज आला, तर ‘हे काय टाइप केलंस?’ असं विचारू नका. आधीची ओळ वाचा आणि तिला उत्तर द्या. निवड झाली असेल तर लगेच फोन करा.