दिसलं नाही, तर 'नाही' म्हणा!

आमच्या आकाशदर्शन क्लबची वर्षातली पहिली मीटिंग पाऊस उघडल्यावर होस्टेलच्या गच्चीवर होते. यंदा क्लबचा अध्यक्ष म्हणून स्वागताचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. एखादं भारदस्त भाषण ठोकायचा मोह झाला होता, पण मला माझी स्वतःची पहिली मीटिंग आठवली.

फर्स्ट इयरला होतो. तेव्हाच्या अध्यक्षांनी वीस मिनिटं विश्वाच्या उत्पत्तीवर भाषण केलं. मग रांग लागली. पुढचे सगळे दुर्बिणीला डोळा लावून "वा!" म्हणत होते. माझा नंबर आला. मला एक गोल बांगडी दिसली, मध्ये काळं भोक. "दिसलं का?" सीनियरने विचारलं. मीही म्हणालो, "वा! कडं दिसलं!"

दोन महिन्यांनी कळलं की तो शनी नव्हताच. म्हणजे प्रकाश शनीचाच, पण आकार दुर्बिणीचा. आमची सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे. तिच्या मोठ्या आरशासमोर एक छोटा आरसा असतो. कुणी फोकसची चकती जास्त फिरवली, की चित्र पसरून त्या छोट्या आरशाची सावली मधोमध काळं भोक म्हणून दिसते. खऱ्या शनीत बरोबर उलटं असतं: मध्ये भरीव गोळा आणि त्याच्या भोवती कडं. म्हणजे मी दोन महिने खोट्या शनीचं कौतुक सांगत फिरत होतो! चकतीला हात लावायची आणि "मला नीट दिसत नाही" म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच.

म्हणून यंदाचं भाषण मी दोन मिनिटांचं केलं. ते साधारण असं:

"मित्रमैत्रिणींनो, या. इथे कुणाला काही येत असायला हवं अशी अट नाही. आज फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, दुर्बिणीत काही दिसलं नाही तर 'नाही' म्हणा. चूक बहुतेक वेळा तुमची नसते. दुसरी, फोकसची चकती बिनधास्त, पण हळूहळू फिरवा. चित्र सर्वांत लहान आणि रेखीव झालं की थांबा. तिसरी, दुर्बिणीच्या नळीला धरू नका, टेकू नका. धक्का लागला की शनी गायब. बाकीची माहिती बघून झाल्यावर सांगतो. मोबाइल खिशात ठेवा, अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. चला."

'चूक तुमची नसते' हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं, त्यामागे साधं गणित आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे आकाश 4 मिनिटांत सुमारे 1 अंश सरकतं. आमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर 1200 मिमी. 10 मिमीची नेत्रिका लावली की 120 पट मोठं दिसतं, पण दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम 0.4 अंशाचा उरतो. मधोमध आणलेला शनी त्याच्या कडेला जायला 0.2 अंश सरकतो, म्हणजे 50 सेकंद पुरतात. आमची दुर्बीण हातानेच फिरवावी लागते. पहिल्याने मन भरून बघितलं, दुसऱ्याने चष्मा काढला-घातला, की तिसऱ्याच्या वाट्याला कोरं आकाश! आणि तो बिचारा म्हणतो, "दिसलं."

यंदा रांगेतली आठवी मुलगी घाबरत म्हणाली, "काहीच नाहीये, सगळं काळं आहे." मी डोळा लावला. खरंच शनी निघून गेला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बरोबर आहे, गेलाय." परत मधोमध आणून दिला. त्यानंतर रांगेतल्या बऱ्याच जणांनी "थांबा, धूसर आहे", "कडेला गेलाय" असं बोलायला सुरुवात केली. त्याआधीच्या सात जणांपैकी तिघे गुपचूप पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले!

एक बदल आणखी केला. "दिसलं का?" हा प्रश्नच बंद केला, कारण त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. त्याऐवजी कागद-पेन्सिल दिली आणि म्हणालो, "जे दिसलं ते काढ." कुणी लांबट कडं आणि मध्ये गोळा काढला, की समजायचं जमलं. बांगडी काढली, की फोकस बिघडलाय.

अर्थात भाषणाने सगळं होत नाही. रांगेतल्या एकाने "नाही" म्हटल्यावर सीनियरने नुसता सुस्कारा टाकला, तरी पुढचे दहा जण खोटं बोलणार. म्हणून भाषण नव्यांना केलं, पण त्याच्या आदल्या रात्री आमच्या जुन्या मंडळींना ते दोनदा ऐकवलं होतं.

माझी ती बांगडीही त्या रात्री मी कागदावर काढून क्लबच्या फळ्यावर लावली. खाली माझं नाव आहे.